तारखेसाठी जागा सोडणे

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी पुढे केली तेव्हा मी नववी ब च्या वह्या तपासत होतो. चिठ्ठी म्हणजे चाचणीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू. तीवर हिरव्या शाईत चार ओळी: ‘क्रीडा महोत्सव पोस्टर. जोश दिसावा. रंग भडक. तारीख व स्थळासाठी जागा सोडणे.’

मी मराठी शिकवतो. चित्रकलेचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून ते पद कागदोपत्री रिक्त आणि प्रत्यक्षात माझ्याकडे आहे. त्यात गुरुपौर्णिमेला मी मोबाईलवरच्या एका ॲपमधून समईचं चित्र काढून शाळेच्या ग्रुपवर टाकलं होतं. ते पाप आता फळाला आलं.

“आता काय, नुसतं लिहायचं आणि चित्र तयार,” मुख्याध्यापक म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

मीही तसंच समजत होतो. त्यांची चिठ्ठी जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली. ही चित्रं काढणारी यंत्रं मराठीपेक्षा इंग्रजी बरं समजतात, एवढं समईच्या वेळी कळलं होतं. मराठीत समई मागितली तर झुंबर आलं होतं.

```
school sports day poster, energetic action,
bright colours, space for date and venue
```

आलं ते चित्र बघून मला क्षणभर आपल्या शाळेचा हेवा वाटला. सोनेरी केसांची चार मुलं, रबरी लाल ट्रॅक, मागे हजारो प्रेक्षकांचं स्टेडियम. सगळी मुलं हसत हसत धावत होती, ज्यावरून काढणाऱ्याने शंभर मीटर कधी धावलेली नाही हे उघड होतं. तिसऱ्या मुलाला तीन पाय होते. रंग म्हणाल तर इंद्रधनुष्य मिक्सरमध्ये फिरवून झाकण उघडं ठेवल्यासारखे. आणि तारखेसाठी मी जागा मागितली होती, तिथे यंत्राने चक्क एक तारीख छापली होती. महिन्याचं नाव कुठल्याच भाषेत नव्हतं.

इथे मला पहिला धडा मिळाला. ‘जागा सोड’ ही सूचना आहे हे त्याला कळत नाही. त्याने पाहिलेल्या लाखो पोस्टरांत ‘तारीख’ या शब्दाच्या आसपास तारीख छापलेली असते, म्हणून तेही छापतं. मग मी ‘अक्षरं नकोत’ असं लिहिलं. दुप्पट अक्षरं आली. पोराला ‘शाईला हात लावू नकोस’ सांगितलं की त्याला शाईच दिसते, तसं. रिकामी जागा हवी असेल तर रिकामपण मागून चालत नाही, तिथे काय दिसावं ते सांगावं लागतं. वरच्या एक तृतीयांश भागात फिकट निळं आकाश, खाली पट्टाभर मोकळी लाल माती. अक्षरांचं नावच काढायचं नाही.

पण हे शहाणपण येण्याआधी मोह झाला. म्हटलं, निदान शीर्षक तरी त्याच्याकडूनच काढून घ्यावं. ‘वार्षिक क्रीडा महोत्सव’ असं अवतरणचिन्हात देऊन बघितलं. उत्तरादाखल भगव्या अक्षरांत ‘वाषिर्क क्रिडा महोस्तव’ आलं. बावीस वर्षं मी नेमक्या याच चुकांवर लाल गोल करतोय. हे यंत्र माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून गेलं असावं. खरी गोम अशी की ते अक्षर लिहीत नाही, अक्षराचं चित्र काढतं. रोमन लिपीत एकापुढे एक सुटी अक्षरं, तिथे बरंच निभावतं. आपल्याकडे रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, वेलांटी उच्चारात नंतर येते पण ऱ्हस्व असली तर आधी बसते, त आणि स अर्धे होऊन एकमेकांच्या जागा बळकावतात. एवढी भावबंदकी परक्याला कळायची कशी! शीर्षक नंतर आपणच टाइप करायचं ठरवलं आणि वळलो जोशाकडे.

जोश म्हणजे आमच्याकडे खो-खो. मैदान लाल मातीचं, दोन टोकांना दोन लाकडी खांब, मधे फक्कीने आखलेली पाटी. शाळेच्या मुलींचा संघ जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेला. मी ‘खो-खो खेळणारी मुलं’ मागितली. आठ-दहा मुलं मांडी घालून, डोळे मिटून, गोलात बसलेली आली. मधे एक ढोलकं होतं.

पीटीच्या सरांनी माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं. “हे काय, भजनाला बसलेत?”

“खो-खो आहे.”

“सर,” ते म्हणाले, “उठा.”

मग त्यांनी शिक्षकखोलीतलं टेबल ओढून मधे घेतलं, त्याचा पाय हा खांब असं जाहीर केलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि चोपन्नाव्या वर्षी खांबावरचा सूर मारून दाखवला. डाव्या हाताने टेबलाचा पाय घट्ट, अंग जमिनीला समांतर, उजवा हात पुढे ताणलेला. त्या हातापुढे नेमका शिपाईमामा चहा घेऊन आला. “हा गडी बाद,” सर खालूनच ओरडले. मामांनी कप वाचवले, पण बशीतला चहा नववी ब च्या वह्यांवर गेला.

“लिहून घ्या!” सर अजून आडवेच होते. “डावा हात कुठंय? उजवा कुठंय? नजर कुठंय? नुसतं खो-खो म्हणून काय कळणार त्याला!”

माणूस बरोबर बोलत होता. खेळाचं नाव त्या यंत्राला अपुरं पडतं, कारण फुटबॉलच्या मानाने खो-खोचे फोटो त्याने फारच थोडे पाहिलेले. शरीर मात्र त्याला कळतं. आणि ‘जोश’, ‘उत्साह’ असले शब्द टाकले की ते दात दाखवणारी मुलं देतं. जोश हवा असेल तर तोल गेलेला दाखवावा लागतो, धूळ हवेत असावी लागते, कॅमेरा जमिनीलगत असावा लागतो. शिवाय क्षण एकच. धावणं, लंगडी, लेझीम, गोळाफेक असं सगळं एका चित्रात कोंबलं की पुन्हा तीन पाय सुरू होतात. रंगही मी दोनच सांगितले: मातीचा लाल आणि जर्सीचा पिवळा. भडक दिसायला शेजारी काहीतरी शांत लागतं, हे निवृत्त चित्रकला सर सांगायचे तेव्हा आम्ही चहा पीत असायचो.

रात्री साडेअकराला, सतराव्या प्रयत्नात, मजकूर असा झाला:

```
Low camera angle. An Indian girl of 13 in a yellow
jersey grips a wooden post with her left hand, body
level with the ground, right hand stretched towards
a runner's back. Red dust in the air. A few children
squatting in a row behind, out of focus.
Upper third: plain pale blue sky.
Lower strip: bare red earth. Vertical, 2:3.
```

आणि चित्र आलं. काय सांगू! बोटं पाचच होती, मी दोनदा मोजली. पाठीमागे बसलेल्यांची रांग मी मुद्दाम धूसर ठेवली होती. स्पष्ट मागितली की प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात शेजारच्याच्या कानातून निघत होता. वर आकाश स्वच्छ, खाली माती मोकळी. बायकोला उठवून दाखवलं. तिने “छान आहे, झोपा” असा अभिप्राय दिला.

सकाळी ते फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याचा फोन आला, “सर, फोटो म्हणून पाठवलात, दाबून निम्मा झालाय. डॉक्युमेंट करून पाठवा.” पाठवलं. १०२४ बाय १५३६ ठिपक्यांचं चित्र, फ्लेक्स चार बाय सहा फूट. म्हणजे इंचाला जेमतेम एकवीस ठिपके. “रस्त्यावरून बघणाऱ्याला चालतंय,” तो म्हणाला, “फक्त कुणाला जवळ येऊ देऊ नका.” पिवळ्या जर्सीचं मात्र त्याने आधीच सांगून टाकलं: मोबाईलचा पडदा उजेड फेकतो, फ्लेक्सवर शाई असते, तेवढा चकाकणारा पिवळा शाईत नाही. छापून आला तो वरणाचा पिवळा.

शीर्षक मी मोबाईलवर नीट टाइप करून दिलं होतं. त्याच्या जुन्या फॉन्टात ते चिकटवलं तर नुसते चौकोन उमटले, म्हणून त्याने स्वतः टाइप केलं. ‘क्रिडा महोत्सव’. यंत्राशी रात्रभर भांडून जी वेलांटी मी वाचवली, ती एका चांगल्या दहावी झालेल्या मुलाने ऱ्हस्व केली. आमच्याच शाळेतून.

मधल्या काळात तारखेचंही पेटलं होतं. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन. हेलसिंकीला १९५२ साली कांस्य मिळवणाऱ्या पैलवानाच्या दिवशीच महोत्सव व्हावा, असा मुख्याध्यापकांचा आग्रह. पण आदल्या दिवशी संक्रांत, म्हणजे निम्मी शाळा तिळगूळ खायला मामाच्या गावी. मग वीस तारीख ठरली, तर त्या दिवशी आपलंच मैदान लग्नाला दिलेलं निघालं. स्थळ बाजारतळावर गेलं.

एवढं होऊन फ्लेक्स गेटवर लागला तेव्हा माझं निळं आकाश गायब होतं. तिथे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि पाच संचालक गोल चौकटींत उगवले होते. खाली ‘शुभेच्छुक’. फ्लेक्सवाला म्हणाला, “एवढी मोकळी जागा बघून ऑफिसातनंच फोटो आले.” इतकी मेहनत घेऊन राखलेली जागा गावात मोकळी राहील असं वाटलं हीच माझी चूक. लाल मातीच्या पट्ट्यावर १५ तारीख आणि ‘शाळेचे मैदान’ छापलं होतं, त्यावर शिपाईमामांनी पांढरा कागद चिकटवून स्केचपेनने २० आणि ‘बाजारतळ’ केलं.

तरी मधली ती मुलगी शाबूत होती. हवेत आडवी, हात ताणलेला. मी आणि पीटीचे सर रस्त्याच्या पलीकडे, ठरल्याप्रमाणे लांब उभे राहून बघत होतो. सर म्हणाले, “टेबल नसतं तर जमलं नसतं हां.”

तेवढ्यात खो-खोच्या संघातली आठवीची एक मुलगी सायकल हातात धरून फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. जिथे कुणी जायचं नव्हतं तिथे. मान तिरकी करून तिने मागची धूसर रांग बघितली.

“सर, फाऊल आहे.”

“काय?”

“मागं बसलेल्या सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत. शेजारच्या दोघींची तोंडं उलट पाहिजेत ना? असं बसल्यावर त्या बाजूला कुणी पळालं तर खो द्यायचा कुणाला?”

मी सरांकडे बघितलं. सर फ्लेक्सकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग गळ्यातली शिट्टी सवयीने त्यांच्या तोंडात गेली, आणि भर रस्त्यात, अध्यक्षांसह सगळ्यांना उद्देशून, त्यांनी ती जोरात वाजवली.