८६ इंचांची खाच, दोन खण की तीन? : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "वॉर्डरोबवरचा लेख वाचला. कागदावर छान आहे, पण आमच्या बेडरूममध्ये कपाटासाठी सोडलेली खाच ८६ इंच रुंद आणि २४ इंच खोल आहे, तिथे हे जमत नाही. मिस्त्री म्हणतात, मधे एकच पार्टिशन टाका, दोन सारखे खण आणि चार सारखे दरवाजे होतील, प्लायही वाचेल. तुमचे तीन लहानमोठे खण म्हणजे प्लायची नासाडी आणि समोरून बेढब. शिवाय तुमच्या ३७ इंचांत कुर्ती बसत नाही, खालच्या ड्रॉवरवर लोळते. नुसते आकडे देऊन काय उपयोग?"

नमस्कार,

कुर्तीपासून सुरू करतो, कारण बाकीचं उत्तर तिथूनच निघतं. ३७ इंच ही शर्टाच्या खणाची उंची आहे. शर्टाची पाठ ३० ते ३१ इंच असते, हँगरच्या आकड्यामुळे रॉड आणि कॉलर यांच्यात ३ इंच जातात, म्हणजे रॉडच्या माथ्यापासून शर्टाच्या टोकापर्यंत ३४ इंच. वर हात घालून हँगर उचलायला ३ इंच, असे ३७. गुडघ्याखाली येणारी कुर्ती स्वतःच ४४ ते ४६ इंच असते, हँगरसकट ४९ इंचांपर्यंत जाते. ती त्या खणात लोळणारच, तिचा वर्ग वेगळा आहे.

हे वर्ग घरच्या घरी काढता येतात. रोजचा हँगर दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवा, त्या त्या प्रकारातला सगळ्यात लांब कपडा त्यावर लावा आणि खिळ्यापासून टोकापर्यंत टेप लावा. साडीला हँगरवर फार उंची लागते असा समज आहे, तो चुकीचा. साडेपाच मीटरची साडी लांबीत चार वेळा दुमडली की सोळा पदर होतात आणि घडी साडेतेरा इंच रुंद होते, म्हणजे हँगरच्या आडव्या दांडीवर आरामात मावते. साडीचा पन्हा ४६ इंच धरला तर दांडीच्या दोन्ही बाजूंना २३-२३ इंच लोंबतात. ही दांडी रॉडपासून साधारण ८ इंच खाली असते, म्हणून एकूण ३१ इंच. पँट मधोमध दुमडून टाकली की २९. साडी, पँट, शर्ट हे तिघेही आखूड वर्गात येतात. कुर्ती मधल्या वर्गात, आणि अनारकली, गाऊन, शेरवानी लांब वर्गात. त्यांना हँगरसकट ६१ इंच धरा. (नऊवारी या हिशेबात बसत नाही. सोळा पदरांत ती २० इंच रुंद राहते आणि दांडीच्या बाहेर येते. तिची आणि जड जरीच्या पैठणीची जागा फळीवर, सुती कापडात गुंडाळून.)

आता रुंदी. तुमचे ८६ इंच बहुधा कमरेच्या उंचीवर घेतलेलं माप आहे. प्लास्टर कुठेही सरळ नसतं, म्हणून जमिनीजवळ, मधे आणि वर अशी तीन मापं घ्या. समजा ती साडेशहाऐंशी, ८६ आणि पावणेशहाऐंशी आली. काम सगळ्यात लहान मापावर करायचं, आणि त्यातूनही दोन्ही बाजूंना ३-३ सूत, म्हणजे मिळून पाऊण इंच, सोडायचे. सांगाडा झाला ८५ इंचांचा. खाली प्रत्येक बाजूला पाऊण इंचाची फट राहील, ती भिंतीच्या वाकाप्रमाणे रंधून घेतलेल्या पट्टीने झाकायची. मधल्या मापावर बेतलेला सांगाडा वरच्या बाजूला अडकतो, मग साइड तासावी लागते आणि दरवाजे कधीच गुण्यात बसत नाहीत.

८५ मधून दोन साइड आणि दोन पार्टिशन, लॅमिनेटसकट पाऊण इंच प्रत्येकी, म्हणजे ३ इंच गेले. हाती ८२ इंच राहिले. ते कसे वाटायचे हे कपडे ठरवतात. तुमचे कपडे मला ठाऊक नाहीत, म्हणून दोघांच्या संसारातला एक मध्यम हिशेब मांडतो. आकडे तुमचे घाला.

शर्ट-कुर्तीच्या एका हँगरला रॉडवर सव्वा इंच लागतो, साडीला दीड, गाऊन-शेरवानीला दोन. २४ शर्टांना ३० इंच. १० इंचांत ८ पँट आणि १८ इंचांत १२ साड्या, मिळून २८. म्हणजे आखूड कपड्यांचे दोन रॉड एकाखाली एक टाकले तर प्रत्येकावर ३० इंचांच्या आत माल. हँगर सरकवायला साधारण सातवा-आठवा हिस्सा मोकळा हवा, म्हणून हा खण ३४ इंचांचा. ११ कुर्ती पावणेचौदा इंच घेतात, ३ लांब कपडे ६ इंच. वीसच्या आतबाहेर, खण २४ इंचांचा. उरले २४, ते घड्यांच्या कपड्यांच्या फळ्यांना. साडीची घडी पन्ह्यात आणखी एकदा दुमडली की साडेअकरा इंच होते, दोन थप्प्या शेजारी २३ इंचांत बसतात. २१ इंचांच्या फळीवर एकच थप्पी मावते आणि शेजारची जागा रुमाल-मोज्यांनी भरते, हे टाळायचंय.

मिस्त्रींच्या रचनेत प्रत्येक खण ४१ इंच ३ सूत होतो. बाहेरून नीटनेटकं दिसेल, पण १८ मिमी प्लायची फळी एवढ्या लांबीवर घड्यांच्या ओझ्याने वाकते. फळीच्या प्रत्येक इंचावर सारखंच वजन असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. २४ इंचांच्या फळीशी तुलना केली तर ४१ इंचांची फळी जवळजवळ नऊपट झुकते. वर्ष-दोन वर्षांत मधे पोट सुटतं आणि मग आतला ड्रॉवर वरून घासायला लागतो. रॉडचंही तसंच. तीन फुटांच्या पुढे रॉडला मधे टेकू लागतो आणि तो वरच्या फळीतून लोंबवतात. दोन रॉड एकाखाली एक असतील तर खालच्या रॉडच्या वर फळीच नसते, टेकू लावणार कशाला? आखूड कपड्यांचा खण ३६ इंचांच्या आत ठेवण्याचं खरं कारण हेच.

प्लायच्या नासाडीबद्दल: ८ बाय ४ च्या शीटमधून साडेबावीस इंच खोलीच्या दोन उभ्या फळ्या शेजारी-शेजारी निघतात. दोन खणांना तीन उभ्या लागतात, म्हणजे दीड शीट. तीन खणांना चार, म्हणजे दोन. फरक अर्ध्या शीटचा आहे. तो मी नाकारत नाही, पण मोठ्या फळ्यांना खाली जाड पट्टी मारण्यापेक्षा हा खर्च मला पटतो.

बेढब दिसण्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. ३४, २४, २४ असे डावीकडून ओळीने लावले तर समोरून तिरपागडं दिसतं. म्हणून ३४ चा खण मधे घ्या. कडेचे दोन दरवाजे २५ इंच १ सुताचे आणि मधले दोन १७ इंच ३ सुताचे. चारही मिळून बरोबर ८५, आणि समोरून जोडी जुळलेली. (फटीसाठीचा सूत-सूत यातून कमी करायचा.) कडेचा दरवाजा एकसंध ८० इंच उंच असेल तर तो १८-२० किलोपर्यंत जातो, त्याला पाच बिजागऱ्या द्या, तीनवर भागवू नका.

उंची ७ फूट धरतो, वर माळा वेगळा. खाली ४ इंचांचा पाया, वर-खाली पाऊण इंचाच्या फळ्या, आत साडेअठ्ठ्याहत्तर इंच. मधल्या खणात खालचा रॉड आतल्या तळापासून ३३ इंचांवर, त्यावर साड्या आणि पँट. ३१ इंचांची साडी तळापासून २ इंच वर राहते. त्याच्या वर ३७ इंचांनी, म्हणजे ७० वर, दुसरा रॉड, शर्टांचा. जमिनीपासून तो ६ फूट ३ इंचांच्या आसपास येतो. बरेच जण वरचा रॉड अगदी छताच्या फळीखाली, पावणेसात फुटांवर नेतात आणि मग सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला रोज स्टूल लागतं. रॉडच्या वर अडीच इंचांवर फळी ठेवा, नाहीतर आकडा उचलून काढताच येत नाही. त्या फळीवर ५ इंचांची पट्टी उरते, तीत रिकाम्या बॅगा जातात.

लांब खणातही रॉड ७० वरच. ६१ इंचांचा गाऊन तळापासून ९ इंचांवर थांबतो, म्हणून खाली ७ इंचांचा एकच ड्रॉवर. कुर्तीखाली २१ इंच रिकामे दिसतात आणि दोन ड्रॉवर टाकायचा मोह होतो. ते १४ इंच घेतात आणि गाऊन त्यांच्यावर ५ इंच लोळतो. तुमच्याकडे कुर्ती लोळते आहे त्याअर्थी एकतर रॉड खाली आहे किंवा ड्रॉवरांचा ढीग उंच आहे. रॉडपासून ड्रॉवरच्या माथ्यापर्यंत टेप लावा. ५० इंचांहून कमी आलं तर रॉडची टोकं धरणारी सॉकेट वर सरकवून पाहा, आणि वर जागाच नसेल तर एक ड्रॉवर फळ्यांच्या खणात हलवा.

खोली २४ आहे ती पुरेशी आहे. मागे ओलीसाठी अर्धा इंच, पाव इंचाची पाठ, पुढे पाऊण इंचाचा दरवाजा, आत साडेबावीस. हँगरवर शर्ट बाह्यांसकट २० इंच घेतो, त्यामुळे रॉड बरोबर मध्यावर, पाठीपासून सव्वाअकरा इंचांवर हवा. दोन-तीन इंच पुढे आला तरी बाह्या दरवाज्यात चिमटतात.

आणि ड्रॉवर बसवताना मिस्त्रींना एक आठवण करा. दरवाजाच्या आतल्या ड्रॉवरला बिजागरीच्या बाजूने एक इंचाची पट्टी मारून मगच चॅनल लावायचा. नाहीतर दरवाजा काटकोनात उघडल्यावरही ड्रॉवर बिजागरीच्या हाताला अडतो, आणि तेव्हा तो कापून अरुंद करण्यावाचून इलाज राहत नाही.