खातं बदललंय असा मेल आला की आधी फोन

पुरवठादारांची बिलं तपासून पैसे सोडणं हे माझं रोजचं काम. मागच्या महिन्यात एका जुन्या पुरवठादाराचा मेल आला. आमचं ऑडिट चालू आहे, नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, सोबतच्या बिलावरच्या नव्या खात्यात पैसे टाका. खाली आमचाच आधीचा सगळा पत्रव्यवहार होता. बिल नंबर, पर्चेस ऑर्डर, रक्कम, लोगो, सगळं बरोबर. पीडीएफमध्ये फक्त बँकेच्या चौकटीतले आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड दिसत होते.

पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला तेव्हा कळलं. नावात `modern` असायला हवं तिथे `modem` होतं. `r` आणि `n` शेजारी आले की घाईत `m` सारखेच दिसतात. सीसीमध्ये त्यांच्या मॅनेजरचं नाव होतं, पण पत्ता तोच खोटा. म्हणजे मी 'रिप्लाय ऑल' करून विचारलं असतं तरी उत्तर चोरच देणार होता.

तरीही पत्ता तपासला की झालं, असं मला वाटत नाही. पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोराच्या हातात असेल, तर मेल खऱ्या पत्त्यावरून येतो आणि सगळ्या तांत्रिक तपासण्या पास होतो. चोर तिथे असा नियम लावून ठेवतो की आपली उत्तरं परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये जातात. खऱ्या माणसाला पत्ताच लागत नाही. म्हणून मेलची खात्री मेलवर करायचीच नाही.

आमच्याकडे आता खातं बदलायचं म्हटलं की फोन होतो, आणि तोही व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या आमच्याकडच्या नोंदीत, आधीपासून असलेल्या नंबरवर. मेलच्या खाली किंवा नव्या बिलावर छापलेल्या नंबरवर कधीच नाही. फोनवर आपण आकडे वाचून दाखवायचे नाहीत. "हो हो, बरोबर" म्हणायला कुणालाही जमतं. नव्या खात्याचे शेवटचे चार आणि जुन्याचे शेवटचे चार आकडे त्यांनाच सांगायला लावायचे. कुणाशी बोललो, किती वाजता, हे नोंदवायचं. मग मास्टरमधला बदल एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. "मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, आजच पाठवा" असं मेलमध्ये असेल तर पेमेंट फोन होईपर्यंत थांबतं, मग साहेब कितीही चिडोत. आधी थोडे पैसे पाठवून बघू, असं काहीजण म्हणतात. त्याची पोचही फोनवरच घ्या. मेलवर "मिळाले" असं चोरही आनंदाने लिहील.

आणि पैसे गेलेच, तर ऑफिसात खुलासे लिहीत बसू नका. त्याच मिनिटाला आपल्या बँकेला फोन लावून व्यवहार परत मागवायला आणि समोरच्या बँकेला खातं गोठवायला सांगा. पैसे तिथून पुढे सरकले की परत मिळणं फार अवघड होतं. पुरवठादारालाही फोन करा, म्हणजे ते पासवर्ड बदलतील आणि मेलबॉक्समध्ये कुणी नियम किंवा ऑटो फॉरवर्ड लावून ठेवलंय का ते बघतील. ते राहून गेलं, तर पुढचं बिलही चोरच वाचेल.