टीव्हीत दिसणारी खिडकी

आमच्या देवपुरातल्या घरी उन्हाळ्यात दुपारी तीनला टीव्ही लावला की मालिकेतली सासू दिसत नाही, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दिसतात. अगदी स्पष्ट, कोणती मोडलीय तेसुद्धा. आई झोपाळ्यावरून म्हणते, "सासू कवय येस नि कवय जास, माले ते कुरडयाच दिसतस."

पडदा लावा, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे सुचवतात. त्यांनी धुळ्याचा मे महिना पाहिलेला नसतो. एका खिडकीत कूलर बसवलाय, आणि कूलरची हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. ती बंद केली की खोलीत गारवा होत नाही, नुसता दमटपणा होतो आणि पापड चामट होतात. त्या उघड्या खिडकीला पडदा लावला तर तो वाऱ्याने गजांना जाऊन चिकटतो, म्हणजे खिडकी बंदच. टीव्ही दुसऱ्या भिंतीला न्यावा, तर एकीकडे देव्हारा आणि दुसरीकडे झोपाळा. देवांना हलवता येत नाही. आईला तर त्याहून नाही.

तेव्हा टीव्हीच बदलायचा ठरला. पुण्याच्या भाच्याला फोन केला, तो एका दमात म्हणाला, "मामा, डोळे मिटून ओएलईडी घ्या. काळा रंग एकदम काळा." त्याचं खरंच आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळं दाखवायचं असेल तर तो ठिपका विझतो, मागून प्रकाश गळण्याचा प्रश्नच नाही. साध्या एलईडीत मागे दिवे कायम जळत असतात आणि पुढचं द्रवस्फटिकाचं पटल झडपेसारखं तो उजेड अडवतं. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळोख राखाडी दिसतो.

आग्रा रोडवरच्या दुकानात गेलो. दुकान तळघरात, खिडकी नावाला नाही. ओळीने टीव्ही लावलेले, सगळ्यांवर पोपट, मासे आणि कापलेली कलिंगडं. "बसा भाऊ, हा बघा क्वांटम डॉट," सेल्समन म्हणाला, "उन्हातसुद्धा दिसेल." तिथे मी फसलो असतो, पण आदल्या रात्रीच वाचून गेलो होतो. क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचे अर्धवाहक कण. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांच्या संशोधनाला मिळालं. मागे निळे एलईडी असतात आणि मधल्या पातळ थरातले हे कण त्या निळ्यातला काही उजेड गिळून लाल आणि हिरवा बाहेर टाकतात. मजा अशी की कोणता रंग निघणार ते कणाच्या आकारावर ठरतं: मोठा कण लाल, लहान हिरवा. एकाच दाण्याचा भरडा वेगळा लागावा आणि पीठ वेगळं लागावं, तसं.

म्हणजे हा थर रंग निवळ करतो. मागचे दिवेच मिणमिणते असतील तर तो उन्हाशी भांडू शकत नाही. खोक्यावर 'QLED' लिहिलेला स्वस्त टीव्ही मुळात साधा एलईडीच असतो, फक्त त्याला रंगाचा हा थर बसवलेला. मी विचारलं, "याचे निट किती?" निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. सेल्समनने खोकं उलटंपालटं करून पाहिलं, पाच ठिकाणी 'क्वांटम' सापडलं, निट कुठेच नाही. मग त्याने थंड मागवलं.

घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. समोरची चुन्याची गच्ची दुपारी खिडकीतून हजारो निटने भाजत असते, आपण ३,०००च धरू. टीव्हीच्या काचेने त्यातला दोन टक्के उजेड परत फेकला तरी पडद्यावर खिडकीच्या जागी ६० निटचा डाग पडतो. ओएलईडीचा काळा मुळात शून्य, पण त्या डागात तो ६०च. पूर्ण पडदा पांढरा असेल तेव्हा बरेच ओएलईडी २००च्या आसपास येतात, कारण सगळे ठिपके एकदम पेटले की वीज आणि उष्णता आवरायला टीव्ही स्वतःच उजेड उतरवतो. म्हणजे पांढरं २६०, काळं ६०, जेमतेम चौपट फरक. अंधारात ज्याच्या काळ्याला तोड नाही, त्याची आमच्याकडे ही गत! ३०० निटचा साधा एलईडी सहापट देतो. मागे बारीक बारीक मिनी एलईडी असलेला आणि पूर्ण पडदा ७०० निटने उजळवणारा टीव्ही बारापटीच्या पुढे जातो. पण त्याच्याच काचेने चार टक्के परतवले तर डाग १२०चा होतो आणि बारापटीची सातपट उरते. म्हणजे काचही बघायला हवी.

शिवाय अण्णांचं बातम्यांचं चॅनेल. सकाळी सहाला लागतं आणि झोपेपर्यंत खालची लाल पट्टी हलत नाही. ओएलईडीत जे ठिपके जास्त जळतात ते आधी झिजतात, पुढे पट्टी नसतानाही तिची सावली राहते. पाच वर्षांनी आमच्याकडे क्रिकेटच्या मैदानाखालीही 'ब्रेकिंग न्यूज' चालू दिसली असती.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. म्हटलं, "भाऊ, टीव्ही बंद करा."

"कोणता?"

"एकेक करून सगळे."

सेल्समनने मालकाकडे पाहिलं, मालकाने पंख्याकडे. मी मोबाइलचा टॉर्च लावून प्रत्येक विझलेल्या पडद्यासमोर उभा राहिलो. साध्या एलईडीत टॉर्च आणि माझं टक्कल दोन्ही लख्ख. मॅट पडद्यावर टॉर्चचा ढगासारखा पांढुरका पसारा. एका मिनी एलईडीत टॉर्च बारीक, जांभळट आणि अंधूक. तो परावर्तन मारणारा लेप. मग त्यावर पेनड्राइव्हमधला कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो लावायला सांगितला, दुकानी भडक मोड काढून साधा लावला आणि बाजूच्या ओएलईडीवरही तेच केलं. ओएलईडीवरचा कागद धुतल्या धोतरासारखा, मिनी एलईडीवरचा नीळ घातलेल्या. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणारा असतो तर मी तरीही ओएलईडीच घेतला असता, हे कबूल करतो.

मिनी एलईडी घरी आला. त्यातही क्वांटम डॉटचा थर निघाला, म्हणजे सेल्समनही जिंकला. दुपारी तीनला सासू दिसली, बांगड्यांसकट. कुरडया होत्या, पण भुतासारख्या.

फक्त एक गोष्ट टॉर्चने कळली नव्हती. हे व्हीए जातीचं पटल. समोरून काळं छान, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आणि आईचा झोपाळा बाजूच्या भिंतीला. झोपाळा पुढे आला की सून फिकी, मागे गेला की लालबुंद, परत पुढे, परत फिकी. आई पहिल्या दिवशी अर्धा तास गप्प होती. मग पाय टेकवून झोपाळा थांबवला आणि काळजीने विचारलं, "हाई पोर घडी घडी फिक्की पडी ऱ्हायनी. तिले दिवस ते गयात नही ना?"