भिंत, निशाणी ५ आणि अवमान: एका प्रतिक्रियेला उत्तर

"वकीलसाहेब, मागचा लेख वाचला. अवमान म्हणजे जजसाहेबांचा मान राखायचा कायदा, दुसरं काय? कुणी दोन ओळी वाकड्या लिहिल्या की सुप्रीम कोर्ट लगेच जागं होतं. आमच्या भावकीनं मनाई हुकूम असताना वाटेत भिंत घातली त्याला दीड वर्ष झालं, एकाला साधी नोटीस नाही. गरिबाच्या हुकमाचा अवमान होत नाही काय? तुमच्यासारख्यांनी ह्याचं समर्थन करू नये."
– करवीर तालुक्यातला एक वाचक

नमस्कार. भिंतीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमची खरी तक्रार तिथं आहे आणि जजसाहेबांच्या मानाशी तिचा काडीचा संबंध नाही. 'अवमान' ह्या शब्दानंच अर्धा घोटाळा केलाय. ऐकलं की वाटतं, कुणीतरी कुणाचा पाणउतारा केला. पण १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानं दोन अगदी निराळ्या गोष्टी ह्या एका शब्दाखाली आणल्या आहेत. दिवाणी अवमान म्हणजे कोर्टाचा हुकूम किंवा कोर्टाला लिहून दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं. बस्स. भावकीनं आधी जजसाहेबांच्या पाया पडून मग भिंत घातली असती, तरी तो दिवाणी अवमानच. फौजदारी अवमानाचं नंतर बोलू.

हा कायदा लागतो कशाला, ते तुमच्या वाटेवरच उभं राहून बघा. कोर्टानं मनाई दिली म्हणजे काय दिलं? सहीशिक्क्याचा एक कागद. त्या कागदाबरोबर शिपाई येत नाही, पहारा येत नाही. समोरचा गडी कागद बघून फावडं खाली ठेवतो तो एवढ्यासाठीच, की नाही ठेवलं तर पुढं काहीतरी भोगावं लागेल. ते 'काहीतरी' काढून घेतलं, तर निशाणी ५ वरचा, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर झालेला हुकूम आणि लग्नाची पत्रिका ह्यात फरक राहत नाही.

आता नोटीस का गेली नाही ते. कोर्ट आपणहून भिंत बघायला येत नाही. हुकूम मोडला हे कुणीतरी अर्ज देऊन सांगावं लागतं. आणि अर्ज कुठं द्यायचा, इथं बहुतेकांची गाडी चुकते. दिवाणी न्यायाधीशाला १९७१ च्या कायद्याखाली स्वतःच्या हुकमाच्या अवमानाची शिक्षा देता येत नाही. खालच्या कोर्टाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालय देतं. पण म्हणून खालचं कोर्ट हात बांधून बसलेलं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ नियम २-अ आहे. दावा चालू असताना अंतरिम मनाई मोडली, तर त्याच कोर्टात अर्ज द्यायचा. कोर्ट मोडणाऱ्याची मिळकत जप्त करू शकतं आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. जप्ती वर्षभर राहते. तरीही तो ऐकत नसेल तर मिळकत विकून त्या पैशातून तुम्हाला भरपाई देता येते. हा रस्ता मोकळा असताना थेट उच्च न्यायालयात गेलात, तर 'आधी तिकडं जा' हेच सहसा ऐकायला मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, म्हणून मुंबईची रात्रीची गाडी वाचली, पण हा नियम बदललेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं असंच प्रकरण होतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीक तपशील बदलतो. दोन उसाच्या फडांमधून जाणारी नऊ फुटांची गाडीवाट. निशाणी ५ वर हुकूम झाला: 'उभय पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी.' महिन्याभरात भिंत उभी. अशील मोबाईलवर चौदा फोटो घेऊन आला, सगळे पुऱ्या झालेल्या भिंतीचे. आधीचा एकही नाही. आणि हुकमात 'जैसे थे' म्हणजे नेमकं काय होतं, ह्यावर एक अक्षर नाही. प्रतिवादीनं शपथपत्र टाकलं: जोतं आणि चार थर हुकमाच्या आधीच होते, मी फक्त गिलावा केला.

आम्ही तो अर्ज हरलो. ह्यात पैसा खाल्ला वगैरे काही नव्हतं. अवमान दिवाणी असला तरी शेवटी कैद आहे, म्हणून पुरावा जवळपास फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो आणि संशयाचा फायदा समोरच्याला मिळतो. नुसता हुकूम मोडला एवढ्यानं भागत नाही. हुकूम माहीत असून, शक्य असून, मुद्दाम मोडला हे दाखवावं लागतं. हुकमाचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यानं स्वतःच्या सोयीचा का होईना, पण निघण्यासारखा अर्थ धरला असेल, तर 'मुद्दाम' हा शब्द गळून पडतो. चूक आमची होती. मनाई मागताना वाटेची लांबी-रुंदी, चतु:सीमा, त्या दिवशी तिथं काय उभं आहे, हे अर्जात लिहून घ्यायला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्याच माणसानं त्याच वाटेच्या दुसऱ्या तोंडाला चर मारायला घेतला. ह्या वेळी आधीच शहाणे झालो होतो. हुकूम दुरुस्त करून घेतलेला, 'नऊ फूट वाट खुली ठेवावी' असा. हुकूम बजावायला गेलेल्या बेलिफाचा अहवाल 'घरी मिळून आले नाहीत' असा आला होता, पण रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, हुकमाच्या दिवशी त्याचे वकील हजर असल्याची नोंद होती, शिवाय नक्कल रजिस्टर पोचनं गेलेली. हुकूम हातात पडला नाही ही सबब तिथंच संपली; माहिती होती एवढं पुरतं. चर अर्धा असतानाच कोर्ट कमिशनर नेमून पंचांसमक्ष मोजमाप केलं. २-अ ची नोटीस लागली आणि पुरावा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी चर बुजला. अशील चिडला, म्हणाला ह्याला एक दिवस तरी आत टाका. मी म्हटलं, तुला वाट पाहिजे का त्याची कैद? दिवाणी अवमानाचा जोर असाच चालतो. शिक्षेपेक्षा तिच्या भीतीनं हुकूम पाळला जातो.

मोठ्यांना काही होत नाही हे मात्र सरसकट खरं नाही. बाबरी मशिदीबाबत दिलेली हमी मोडल्याबद्दल १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंग यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड दिला. एक दिवस ही चेष्टाच, हे मलाही वाटतं. पण २००६ मध्ये आपल्याच राज्याचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वन खात्याचे एक वरिष्ठ सचिव, दोघांनाही एकेक महिन्याची साधी कैद झाली. लाकडावर चालणाऱ्या कारखान्यांबाबतचा कोर्टाचा आदेश डावलून परवानग्या दिल्या होत्या. दोघांपैकी कुणी न्यायाधीशाविरुद्ध ब्र काढला नव्हता.

आता तुमच्या वाकड्या ओळी. फौजदारी अवमानाची तीन अंगं आहेत: कोर्टाची बदनामी करणं, चालू खटल्यात ढवळाढवळ करणं, आणि न्यायाच्या कामात इतर कोणत्याही प्रकारे अडथळा आणणं. पेपरात गाजतं ते पहिलं. मी कोर्टात बघतो ते बाकीचे दोन. पॅसेजमध्ये बाकावर बसलेल्या साक्षीदाराजवळ जाऊन कुणीतरी हळूच म्हणतं, "गावात परत यायचंय न्हवं?" आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 'आठवत नाही' म्हणतो. जजसाहेबांच्या मानाला धक्काही लागलेला नसतो, पण खटला मेलेला असतो.

पहिल्या अंगाबद्दल तुमचं-माझं फारसं भांडण नाही. २०२० मध्ये प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी दोषी धरलं आणि शिक्षा काय, तर एक रुपया दंड. शिक्षा एवढीच द्यायची होती तर एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न तेव्हा बार रूममध्येही विचारला गेला. ज्या इंग्रजांकडून आपण हे घेतलं, त्यांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये बदनामीचा हा गुन्हा २०१३ साली रद्द केला. आपल्याकडंही तो बराच आक्रसला पाहिजे असं माझं मत आहे.

पण कायद्यात काय आहे तेही बघा. निकाली निघालेल्या प्रकरणातल्या निकालावर रास्त टीका केली तर तो अवमान नाही. कलम ५ मध्ये ते साफ लिहिलंय. न्यायाच्या कामात खरोखरच मोठी बाधा येत असेल तरच शिक्षा, नाहीतर नाही. २००६ च्या दुरुस्तीनंतर जनहितासाठी आणि प्रामाणिकपणे सांगितलेलं सत्य हा बचाव होऊ शकतो. आणि कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तुम्ही वर जे लिहिलंय त्यासाठी तुमच्यावर काही होणार नाही, निवांत राहा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दिवाणी अवमानाचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. फौजदारी अवमानाला उच्च न्यायालयात जायचं तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते, नाहीतर कोर्टानं स्वतःहून दखल घ्यावी लागते, किंवा खालच्या कोर्टानं प्रकरण वर पाठवावं लागतं. ही चाळणी नसती तर गावकीतलं प्रत्येक भांडण 'कोर्टाचा अपमान केला' म्हणून उच्च न्यायालयात गेलं असतं.

तुमच्या भिंतीचं सांगतो. अवमान कायद्यातल्या कलम २० प्रमाणे अवमान घडल्यापासून एक वर्षानंतर उच्च न्यायालयाला कारवाई सुरू करता येत नाही. भिंत रोज उभी आहे म्हणून अवमान रोज घडतोय, हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. बांधकाम संपलं त्या दिवशी कृती संपली. म्हणजे तो रस्ता बहुधा बंद झालाय, आणि हे तुमच्या वकिलांनी वेळेत सांगायला हवं होतं. पण दावा अजून चालू असेल तर २-अ चा अर्ज त्याच कोर्टात देता येईल, आणि त्याच्या जोडीला भिंत काढून पूर्वस्थिती करून द्यावी, अशीही मागणी करा. दाव्याचा निकाल होऊन कायमची मनाई झाली असेल तर २-अ नाही, निकालाची अंमलबजावणी मागणारी दरखास्त लावायची.

त्याआधी नकला विभागात जाऊन हुकमाची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल काढा. हुकमात वाटेचं वर्णन आहे की नुसतं 'जैसे थे', ते बघा. आणि भिंत नसतानाची वाट दिसेल असा एखादा जुना फोटो, लग्नाच्या वरातीतला असला तरी चालेल, घरात कुणाच्या मोबाईलमध्ये सापडतो का ते आजच शोधा.