पोस्ट सोडायचा नाही, भावांनो

"हॉकीत फॉरवर्ड बेसलाइनवरून घुसला की गोलकीपरनं पोस्ट सोडून अंगावर जायचं, अँगल कापायचा. पोस्टला चिकटतो तो घाबरट. आणि पॅड जेवढे रुंद तेवढं सोपं." असं म्हणणारे भेटतात, पण ते चुकतंय.

समोरून एकटा फॉरवर्ड आला तर पुढं जाणं हॉकीतही बरोबरच आहे. आपलं कोल्हापूर फुटबॉल बघत वाढलंय, त्यामुळं तीच सवय बेसलाइनलाही लावली जाते. पण तिथं कापण्याएवढा अँगल उरलेलाच नसतो. मैदानावर दोरी लावून बघा. गोल ३.६६ मीटर रुंद. चेंडू पोस्टच्या ३ मीटर बाहेर आणि बेसलाइनपासून १ मीटर आत ठेवा, आणि तिथून दोन्ही पोस्टना दोऱ्या ताणा. जवळच्या पोस्टपाशी त्यांच्यात जेमतेम ५५ सेंटिमीटर अंतर राहतं. नियमानं एक पॅड जास्तीत जास्त ३० सेंटिमीटरचा, म्हणजे दोन पॅड शेजारी आले की जमिनीलगतची वाट बंद. पुढं पळून यापेक्षा जास्त काही मिळत नाही, मागचा गोल मात्र मोकळा पडतो. फॉरवर्ड साधारण साडेसहा मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटकडं चेंडू मागं देतो, आणि तिथल्या खेळाडूला तो नुसता ढकलायचा उरतो.

राहिला घाबरटपणा. पोस्टला उभं राहणं हे बारीक काम आहे. पोस्टकडच्या पायाच्या बुटावर बांधलेला किकर पोस्टच्या आतल्या बाजूला टेकलेला हवा, पण पाय गोललाइनच्या किंचित पुढं, म्हणजे लागून उडालेला चेंडू मागं आत जात नाही. गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, छाती गुडघ्यांच्या पुढं, हात अंगापुढं. चेंडू साधारण ७ सेंटिमीटर जाडीचा असतो. ध्यानचंद स्टेडियमवर एका पोराची टाच पोस्टला टेकली होती, पण चवडा चार बोटं सुटलेला. चेंडू किकरच्या कडेला घासून बरोबर त्याच फटीतून आत गेला. डाव्या पोस्टला असाल तर उजव्या हातातली स्टिक गोलसमोर येते, तिनं मागचा पास अडवता येतो. उजव्या पोस्टला ते काम डाव्या पायाला करावं लागतं, म्हणून तिथं वजन एका पायावर टाकू नका.

पॅडच्या रुंदीपेक्षा तो पायावर कसा बसतो ते बघा. पॅडचं खालचं टोक किकरवर नीट टेकलं पाहिजे, आणि बकल बाहेरच्या बाजूला. पट्टे ढिले असले की पॅड नडगीवर फिरतो, त्याचा सपाट भाग चेंडूसमोर राहत नाही, आणि अडवलेला शॉटसुद्धा वळून आत जातो. मॅचआधी खोल बसून दहा वेळा उठा. पॅडचं तोंड गुडघ्याबरोबर सरळ राहिलं नाही तर पट्टे पुन्हा बांधा.