घट्ट पोनीने केस वाढतात म्हणे

"ताई, ग्रुपवर आलंय की केस रोज घट्ट ओढून बांधले तर मुळं पक्की होतात अन् केस लवकर वाढतात. सुरुवातीला डोकं दुखतं ते सवय नसल्याने. मधेच सैल केले तर उलट जास्त दुखतं म्हणून घट्टच ठेवा. खरं आहे का?"

नाही गं. मानेवाड्यात माझं पार्लर आहे, १४ वर्षं झाली, हा मेसेज फिरून फिरून येतो अन् पोरी डोकं ठणकत असतानाही रबराचा अजून एक वेढा घालतात.

आधी मुळांचं. केस वाढतो कातडीच्या आत, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, बाहेर दिसतो तो मेलेला भाग, त्याला ओढून आतली वाढ काहून वाढेल? ओढीने मूळ उलट सैल होतं. कपाळाच्या कडेला अन् कानशिलापाशी आधी दिसतं, केस विरळ होतात, अगदी कडेला बारीक लव तेवढी उरते, कोणाला मुळाशी लहान पुटकुळ्या येतात. इथेच ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू ठेवली तर मुळाच्या जागी व्रण होतो, मग तिथे तेल लावून काही उगवत नाही.

आता सवय. केस कापताना दुखत नाही कारण केसात नस नाही, पण मुळाभोवती नसांची टोकं असतात, ओढ ती धरतात, आणि दुखणं रबराच्या जागेवरून कपाळापर्यंत, कानशिलापर्यंत येतं. डॉक्टरांच्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय यादीत याची वेगळी नोंद आहे बरं. खूण अशी की ओढ असेपर्यंतच दुखतं, जिथे ओढ तिथे जास्त, आणि सोडल्यावर तासाभरात थांबतं. ब्लाऊ नावाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ९३ बायकांची माहिती छापली होती, त्यातल्या ५० जणींना पोनीने डोकं दुखायचं. सवय होते ती दुखण्याकडे दुर्लक्ष करायची, मग आपण उन्हाला दोष देतो, एसीला देतो, मोबाईलला देतो, रबर मात्र तसंच.

"सैल केलं की जास्त दुखतं" यात मात्र थोडं खरं आहे, अन् तिथेच सगळ्या फसतात. माझ्याकडे एक नर्स पोरगी येते, ड्युटीला उंच घट्ट अंबाडा, वर नऊ-दहा पिना, सुटल्यावर त्यावर स्टोल गच्च गुंडाळून हेल्मेट. रोज चारच्या सुमारास कपाळ धरायची अन् गोळी घ्यायची. एकदा हेअर वॉशला बसली तर म्हणे "ताई हळू, केस हलवले तरी दुखते." मी पिना काढल्या तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, पावणेसातपर्यंत कपाळ मोकळं झालं. पण टाळू दोन दिवस हुळहुळत राहिली, कारण महिनोन् महिने एकाच बाजूला ओढलेला केस उलट्या बाजूला वळला की चिडलेलं मूळ दुखतं. ही हुळहुळ म्हणजे ओढीचीच शिल्लक, सैल केल्याची नाही. त्यावर परत घट्ट बांधलं की ती तेवढ्यापुरती दबते, बस.

एकदम मोकळे सोडले तरी नुकसान नाही, पण ती हुळहुळ सोसत नाही अन् ड्युटीवर मोकळे चालत नाहीत, म्हणून तिला हळूहळू उतरवलं. पहिला आठवडा अंबाडा तोच, फक्त डब्याच्या सुट्टीत रबर काढून १५ मिनिटं केस मोकळे, आणि बांधून झाल्यावर भुवया वर करून बघायचं, कपाळाची कातडी मागे खेचल्यासारखी वाटली तर बोटाने मुळाशी थोडं सैल करायचं. दुसऱ्या आठवड्यात अंबाडा मानेवर आणला, बारीक रबराच्या जागी कापडी स्क्रंची, पिना चारच. मानेवर असला की हेल्मेटखाली दाबला पण जात नाही, अन् स्टोलची गाठ एक बोट जाईल इतकी. तिसऱ्यात घरी असताना क्लचर किंवा सैल वेणी, भांग अधूनमधून बदलून. ओले केस बांधायचे नाहीत हे पहिल्या दिवसापासून, ओला केस ताणला जातो अन् वाळला की आखडतो, म्हणजे सकाळी ठीक वाटलेली पोनी दुपारी आपोआप घट्ट. महिन्याभरात चारचं दुखणं गेलं. मग बहिणीच्या लग्नात पार्लरवालीने (मी नाही) ताणून जुडा घातला तर दोन तासांत कपाळ परत धरलं, काढल्यावर गेलं.

मायग्रेनवालीची टाळू आधीच हळवी असते, तिला या ओढीने अटॅकही येऊ शकतो. आणि केस सोडून तास उलटला तरी डोकं तसंच असेल, झोपेतून उठवत असेल, उलटी किंवा नजरेत धूसरपणा असेल तर ते पोनीचं समजून बसू नका, डॉक्टरकडे जा. पन्नाशीपुढच्या आईला किंवा सासूला नव्यानेच कंगवा फिरवताना कानशिलं दुखायला लागली अन् चावताना जबडा दुखतो म्हणाली तर त्याच दिवशी न्या, त्यात डोळ्याला धोका असू शकतो.