फाईल परत आली तेव्हा

मी बँकेत कर्ज विभागात काम करते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण त्या दिवशीची केबिन मला अजून जशीच्या तशी दिसते. दार उघडं होतं. बाहेर काउंटरवर पैसे मोजण्याचं मशीन सुरू होतं, मध्येच ते थांबलं, आणि नेमकं तेव्हाच साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कागद वाचत नाही, माणूस वाचता." एरवी मला नावाने, एकेरी हाक मारणारे साहेब त्या दिवशी "मॅडम" आणि "तुम्ही"वर आले होते. बोलण्याइतकंच मला तेही लागलं.

फाईल एका यंत्रमागधारकाच्या कॅश क्रेडिटची होती, मर्यादा 40 लाखांची. दर महिन्याला येणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर काढायची, म्हणजे त्या महिन्यात खात्यातून जास्तीत जास्त किती उचल देता येईल ते ठरवायचं. सूत आणि कापड मिळून माल 40 लाखांचा होता. त्यातून सूतवाल्यांची 12 लाखांची देणी वजा केली की 28 उरतात, 25 टक्के मार्जिन, म्हणजे धारकाने स्वतः घालायचा वाटा, सोडलं की 21. व्यापाऱ्यांकडून येणी 30 लाख. त्यावर मार्जिन 40 टक्के, म्हणून 18. एकूण 39 लाख. मी तेच लिहिलं होतं.

पण त्या 30 लाखांपैकी 8 लाखांची बिलं 90 दिवसांच्या वरची होती. ती धरायची नसतात, कारण इतकी जुनी उधारी वसूल होईलच याचा भरवसा उरत नाही. ती काढली की येणी 22 लाख, त्यातली धरायची 13.20 लाख, आणि ड्रॉइंग पॉवर 34.20 लाख. म्हणजे मी 4.80 लाख रुपये जास्त दाखवले होते. साहेबांनी चौथ्या पानावर पेन्सिलीने 8 लाखांभोवती गोल केला होता.

त्या संध्याकाळी मला तो गोल आठवत नव्हता, फक्त वाक्य आठवत होतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की मला काम येत नाही." रात्रभर अकरा वर्षांची नोकरी उलगडत बसले. कुठली बढती हुकली, कोणाला चांगली शाखा मिळाली, साहेब कोणाशी हसून बोलतात. चूक एका आकड्याची होती आणि खटला माझ्यावर चालला होता.

असं का होतं, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण नंतर सापडलं. 1996 साली क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायाचा कामावर काय परिणाम होतो यावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण साधं आहे. लक्ष कामावर राहिलं तर माणूस काम दुरुस्त करतो. लक्ष कामावरून उडून "मी कसा आहे" याकडे गेलं की सगळी ताकद स्वतःला सावरण्यातच जाते. माझं लक्ष चौथ्या पानावरून उडालं होतं.

आणि ते उडायला साहेबांच्या वाक्याने मदत केली, हे मी आजही ठामपणे म्हणेन. "येण्यांचं एजिंग बघितलेलं नाही", म्हणजे कुठलं बिल किती दिवसांचं आहे ते पाहिलेलं नाही, हे वाक्य फाईलबद्दल आहे. "तुम्ही माणूस वाचता" हे माझ्याबद्दल. त्यात दार उघडं. 2004 साली डिकरसन आणि केमेनी यांनी ताणाच्या 208 प्रयोगांचा आढावा घेतला होता. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वांत जास्त वाढायचं आणि सर्वांत उशिरा खाली यायचं ते अशा प्रसंगी, जिथे दुसरे लोक आपल्याला जोखत आहेत आणि आपल्या हातात काहीच नाही. उघड्या दाराची केबिन म्हणजे नेमकं तेच. तेव्हा छातीत धडधडणं, घसा दाटणं हा हळवेपणा नाही, अंगाने दिलेलं ते उत्तर आहे. त्या अवस्थेत साहेबांना लांबलचक मेसेज टाइप करू नये. मी केला होता, सुदैवाने पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी एक गोष्ट केली, आणि आजही करते. साहेबांचे शब्द, जसेच्या तसे, कागदावर लिहिले. लिहिताना हात थांबला. "मला काम येत नाही" असं ते म्हणालेच नव्हते! ते माझं भाषांतर होतं, आणि रात्रभर मी त्या भाषांतराशीच भांडत होते. म्हणूनच लिहायचं ते लवकर, कारण दोन दिवसांनी मूळ वाक्य पुसलं जातं आणि आपलं वाक्यच खरं वाटू लागतं.

मग त्या शब्दांतलं कागदावर तपासता येण्याजोगं काय आहे ते शोधलं. 8 लाख तर तपासता येत होतेच, आणि ती चूक माझीच होती. पण "माणूस वाचता" हे कसं तपासणार? मी मागच्या दहा फाईली काढल्या. तीन फाईलींत तसंच झालं होतं, जुनी येणी धरलेली. त्या तिन्ही ठिकाणी मी स्वतः कारखान्यात जाऊन आले होते, माग चालताना बघितले होते, मालकाशी बोलले होते. बाकीच्या सातांत, जिथे मी माणसाला भेटले नव्हते, तिथे एजिंग नीट बघितलेलं होतं. वाक्य कडू होतं, वाईट रीतीने बोललं गेलं होतं, आणि खरंही होतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे मला त्या दहा फाईलींनी दाखवलं.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. "माझं काय चुकतं?" असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर पुन्हा माझ्याबद्दलच आलं असतं. विचारलं, "सर, या फाईलीशिवाय आणखी कुठे दिसलं तुम्हाला हे?" त्यांनी लगेच दोन फाईलींची नावं घेतली. दोन्ही माझ्या तीनमधल्या होत्या. मग मी म्हटलं, "सर, चूक मान्य आहे. पण दार उघडं असताना बोललात, ते मला फार लागलं." ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मात्र आधी उठून दार लावलं.

प्रत्येक साहेब असे नसतात, हेही सांगते. आमच्या एका सहकारी मैत्रिणीने असाच प्रश्न विचारला तेव्हा तिच्या साहेबांना एकही फाईल दाखवता आली नाही. तीच चूक शेजारच्या टेबलावर झाली तर ते गप्प बसत, आणि बोलणं हटकून तिच्या बाळंतपणाच्या रजेवर येई. तिला लागलं ते बरोबरच लागलं होतं. तिथे स्वतःत सुधारणा शोधत बसायचं नसतं. तिनेही शब्द लिहून ठेवले, पण सोबत तारीख, वेळ आणि कोण हजर होतं तेही, आणि ती लेखी तक्रार घेऊन वर गेली.

आता मी दोन नवीन मुलांच्या फाईली तपासते. गेल्या आठवड्यात एकाने 120 दिवसांची बिलं धरली होती. मी दार लावलं, फाईल दोघांच्या मध्ये ठेवली आणि बोट थेट आकड्यावर ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला म्हटलं, "आज काही बोलू नकोस. उद्या दुरुस्त करून आण." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दुरुस्त केलेल्या फाईलीखाली आणखी एक फाईल होती, मी न तपासलेली. त्याला तीच चूक तिच्यातही सापडली होती.